कृष्णनाथ भटांची लक्ष्मीपूजा

डिचोलीच्या बाजारातली बावीस दुकानं लक्ष्मीपूजनाला कृष्णनाथ भटांचीच. त्या एका संध्याकाळच्या दक्षिणेवर त्यांचं निम्मं वर्ष निघे. गोवा राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती, त्या साली श्रावणात त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज परतलाच नाही. घशातून नुसता वारा यायचा.

“दुसऱ्या भटाक बोलावतले ते,” बायको यशोदा म्हणाली. भटांनी नकारार्थी मान हलवली. चार दिवस बसून, कार्बन लावून त्यांनी पूजेच्या सगळ्या विधीच्या बावीस प्रती काढल्या. कार्बनखालच्या प्रती फिकट आल्या की पुन्हा लिहीत. यजमानानं मोठ्यानं वाचायचं, आपण बोटानं दाखवायचं, असा त्यांचा बेत.

कागदावर सगळं होतं. आधी आचमन, संकल्प, मग सुपारीवर गणपती. तांदळावर कलश. लक्ष्मीची पूजा झाली की दौत-लेखणीला महाकाली म्हणून गंध-फूल. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, वर ‘श्री’, बाजूंना ‘शुभ’ आणि ‘लाभ’. वही म्हणजे सरस्वती. तिजोरीला कुबेर म्हणून हळद-कुंकू, तराजूला फूल. डॉक्टरानं नळी, वकिलानं पेन आणि कायद्याचं पुस्तक, शिंप्यानं कात्री पाटावर ठेवावी. शेवटी लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य, आरती. पाडव्याला सकाळी पहिली नोंद.

अमावास्येला दुपारी त्यांनी सगळ्या दुकानांत प्रती पोचवल्या, तयारी करून ठेवावी म्हणून. सूर्य मावळताच पहिल्या दुकानात गेले. गोकुळदास कापडवाले अडखळत वाचत होते. वही उलटी धरली तेव्हा भटांनी मनगट धरून सरळ केली. पूजा झाली. जीव जरा भांड्यात पडला.

दुसरं दुकान भुसाऱ्याचं. दारात धूप, आत आरती संपत आलेली.

“भटजीबाब, तुमी कागदार बरयलां तें इतकें सोंपें,” भटांनी लिहिलेली प्रत दाखवत भुसारी हसला. “आमीच वाचलें. तुमकां त्रास कित्याक?”

त्यानं बत्ताशांची पुडी हातात दिली. दक्षिणा द्यायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं. पाटावरची सुपारी कोरडीच होती. गणपती राहून गेला होता. भटांनी सुपारीकडे बोट केलं, तोंड उघडलं, शीर ताणली. वारा.

“बसा, च्या घेया?”

ते धावतच बाहेर आले. तिसऱ्या दुकानात तेच, चौथ्यात तेच. वकिलाच्या खोलीत त्याची मुलगी वाचत होती, ‘कुबेराय नमः’, स्पष्ट, गोड. त्यांच्यापेक्षा चांगलं. तिथं शिरायचा धीर झाला नाही.

मग ते चौकातच थांबले. चारी बाजूंच्या दुकानांतून त्यांचेच शब्द येत होते, कुठे घाईघाईनं, कुठे चुकीचे. कुणीही त्यांना हाक मारली नाही.

घरी यशोदेनं विचारलं, “किती जालीं?”

भटांनी एक बोट वर केलं. यशोदा दुसरं बोट वर व्हायची वाट पाहत राहिली, पण ते एकच वर राहिलं.