टोपलीतली तीन पिल्लं

लग्न होऊन कामतघरला आले त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. आमच्या खोलीमागेच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. सासूबाई आणि मी तिथे दिवसपाळीला सूत गुंडाळून कांड्या भरायला बसायचो. सासूबाई मूळच्या अंजूरच्या, बोलायला मोजक्या. मीही नवी आणि बुजरी. दिवसचे दिवस आमच्यात कामापलीकडे बोलणं नसायचं.

सुताला उंदीर लागायचे, म्हणून कारखान्यात एक करडी मांजर ठेवली होती. एका सकाळी ती तुटक्या सुताच्या टोपलीत तीन पिल्लं घालून बसलेली दिसली. दोन करडी, एक पांढरं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. लूमच्या एवढ्या खडखडाटातही ती गाढ झोपायची. मला नवल वाटलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्यांना अजून ऐकूच येत न्हाय."

टोपलीपासून चार हातांवर चाचांचा लूम होता. चाचा आजमगढकडचे, कारखान्यातले सगळ्यांत जुने कारागीर. टोपली पाहून त्यांनी मान हलवली.

"बेटी, अभी ये रेंगते हैं. तीसरे हफ्ते में पैर पर खड़े होंगे, फिर चलेंगे. और चले तो सीधा पट्टे में."

लूमचा पट्टा उघडाच फिरायचा. तेव्हापासून मी दिवस मोजू लागले. सुट्टी झाली की पिल्लांचं आता पुढे काय होणार ते सासूबाईंना विचारायचे, आणि त्याही सांगायच्या. पाचव्या दिवसापर्यंत तिन्ही पिल्लांच्या नाळा सुकून गळल्या. नवव्या दिवशी करड्यांचे डोळे नाकाच्या बाजूने किलकिले झाले आणि दोन दिवसांत पुरते उघडले. आत धुरकट निळा रंग होता.

पांढऱ्याचे मात्र मिटलेलेच. बाराव्या दिवशी त्याची एक पापणी फुगलेली दिसली. मी बोटाने ती उघडायला गेले, तर सासूबाईंनी माझा हात धरला.

"वढू नको. आतून पिकलंय. उकळून निवलेलं पानी हाय घरात, ते आन."

मऊ फडकं कोमट पाण्यात भिजवून त्यांनी डोळ्यावर धरलं. चिकटा भिजला तसा हळूच पुसला. दिवसातून तीनदा आम्ही हेच करत होतो. फडकं मी पिळायचे, पिल्लू त्या धरायच्या. दुसऱ्या संध्याकाळी पापणी सुटली, थोडा पू आला आणि डोळा उघडला. दुसराही मग आपसूक उघडला. सासूबाई पिल्लाकडे बघून हसल्या. त्यांना तशा हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

सतराव्या दिवशी एक करडं चारी पायांवर उभं राहिलं, थरथरलं आणि तोंडावर आपटलं. टोपलीबाहेर पडायला आता फार दिवस लागणार नव्हते. दुपारच्या सुट्टीत मी तिघांना पदरात घेऊन खोलीवर नेलं आणि स्वच्छ खोक्यात ठेवलं. संध्याकाळी कारखान्यात पाहते तो मांजरीने मानगुटीला धरून दोन पिल्लं परत टोपलीत आणलेली, आणि तिसऱ्यासाठी ती निघालेली.

चाचांनी लूम थांबवला. "बच्चों को नहीं, माँ को मनाओ."

सासूबाईंनी ते मनावर घेतलं. दोन दिवस मांजरीला खायला फक्त आमच्या दाराशी मिळालं, बोंबलाची डोकी आणि पेज. तिसऱ्या दिवशी चाचांनी टोपलीच उचलली, आतल्या, पिल्लांचा वास लागलेल्या सुतासकट, आणि पिल्लांना धक्का न लावता आमच्या खाटेखाली आणून ठेवली. मांजर मागोमाग आली, सगळीकडे हुंगलं आणि आत जाऊन आडवी झाली. त्यानंतर तिने पिल्लं हलवली नाहीत.

पुढच्या दिवसांत खोली पिल्लांचीच झाली. माझं बोट चोखताना पांढऱ्याचे पुढचे दात लागले, तांदळाच्या कण्यांएवढे. मग टोकदार सुळे आले. चौथ्या आठवड्यात तिघंही नीट चालू लागली, पाचव्यात धावू आणि माझ्या साडीवर चढू लागली. दात टोचू लागले तशी मांजर दूध पाजताना उठून जायची. सासूबाई भातात मासा कुस्करून ताटलीत ठेवायच्या. पिल्लं आधी त्यात पाय घालायची, मग खायची. दीड महिना झाला तसा डोळ्यांतला निळा रंग जाऊन पिवळसर हिरवा दिसू लागला.

दोन महिन्यांनी एक करडं शेजारणीने नेलं, दुसरं सासूबाईंनी अंजूरला भावाकडे दिलं. पांढऱ्याला मागायला चाचा आले.

"ते घरातच ऱ्हाईल," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं?"

त्या घरात माझं मत असं कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी म्हणाले, "राहू दे." चाचा चहा पिऊन गेले, आणि पांढरं पिल्लू पुढे सात वर्षं आमच्याकडे होतं.