मधला भाग विसरला तेव्हा

धाड गावची दीपमाला बुलढाण्याच्या रोजगार मेळाव्यात रांगेत उभी होती. कृषी पदवीनंतरचा हा तिचा पहिलाच मेळावा. मैत्रीण संजीवनीने मोबाइलवर वेळ लावून तिच्याकडून साठ सेकंदांची ओळख घोकून घेतली होती: मी कोण, काय केलं, काय हवं.

बियाणे कंपनीच्या टेबलाशी तिचा नंबर आला. नाव, शिक्षण सांगून ती एकदम म्हणाली, "मले तुमच्या चाचणी प्लॉटवर काम पाह्यजे."

"पण आजवर केलंय काय?" टेबलामागच्या बाईंनी विचारलं.

घोकलेलं आठवेना. "घरच्या मिरचीच्या रोपवाटिकेत दोन वर्षं उगवण मोजली. कोणतं वाण किती उगवलं, वहीत लिहिलं," ती चाचरत म्हणाली.

"सोमवारी मुलाखतीला ती वही आणा."

बायोडाटा देऊन बाहेर येताच तिने घरी फोन लावला, "माही वही काढून ठेवा."