शेजाऱ्याची टोपली

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी मी द्राक्षारसाच्या प्याल्यासाठी उठले आणि मागून कुणीतरी माझा पदर ओढला. बाई होत्या. आमच्या मंडळीच्या कारभाऱ्याची बायको. कानाशी म्हणाल्या, "तुमची आळी शेवटी. माहीत हाय ना?"

मी खाली बसले. जुन्या घरांतली माणसं त्या एकाच प्याल्यातून पिऊन झाली, मग आमची आळी उठली. हा नियम कुठं लिहिलेला नाही. पण लहान पोरालाही पाठ आहे.

याच बाईंनी मला रविवारच्या शाळेत शिकवायला उभं केलं होतं. आमचं घर दरसाल ऊसतोडीला जाणारं. मला पहिल्यांदा 'शिक्षिका' त्यांनीच म्हटलं. आईनंतर मी त्यांनाच मानलं.

उपासना संपली. प्रभुभोजन द्यायला बीडहून आलेल्या पाळकसाहेबांसमोर माझ्या वर्गानं दहा आज्ञा लावून दाखवल्या. दोन टोपल्या, एक देवाची, एक शेजाऱ्याची. एकेक चिठ्ठी वाचायची, ही कुणाशी वागायची गोष्ट, ते सांगायचं आणि टाकायची. दुसरे देव नकोत, मूर्ती नको, देवाचं नाव उगाच घेऊ नको, शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस पवित्र पाळ, या चार देवाच्या टोपलीत गेल्या. 'आईबापाचा मान राख' एक पोरगा तिथंच टाकत होता. मी विचारलं, "आईबाप देव का माणसं?" तो म्हणाला, "माणसं." आणि त्यानं टोपली बदलली. खून नको, जोडीदाराशी बेइमानी नको, चोरी नको, सगळ्या त्याच टोपलीत पडल्या. दोन चिठ्ठ्या राहिल्या होत्या.

तेवढ्यात पाळकसाहेबांनी विचारलं, "ताई, मघाशी तुम्ही उठून परत का बसलात?"

मी तोंड उघडायच्या आत बाई बोलल्या, "ती माणसं आपणहून मागं थांबतात. सवय हाय त्यांची. आमच्यात भेद न्हाई. विचारा तिला."

आणि माझ्याकडं बघून हसल्या. मी मान हलवणार, याची त्यांना खात्री होती. पदर ओढण्यापेक्षा ती खात्री मला जास्त लागली. मला कशासाठी वाढवलं, ते तेव्हा कळलं.

माझ्या वर्गातली सारा चिठ्ठी घेऊन उभीच होती. तिनं वाचलं, "शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. कुठं टाकू, ताई?"

"शेजाऱ्याच्या टोपलीत," मी म्हणाले. "खोटं बोललं की शेजाऱ्याचं नुकसान होतं." मग पाळकसाहेबांकडं वळले. "माझा पदर बाईंनी ओढला. आमी आपणहून थांबत न्हाई. आमाला थांबवतात."

पाळकसाहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, "चहा घेऊ या." शेवटची, लोभाची चिठ्ठी तशीच राहिली.

बाहेर बाई म्हणाल्या, "तुला मी माणसात आणलं. पुढच्या रविवारपासून वर्ग बंद."

टोपल्या मी घरी आणल्यात. वर्ग आता आमच्या आळीत, माझ्या ओट्यावर भरतो. पुढच्या प्रभुभोजनाला मी पोरांना घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे. पदराला कुणी हात लावला तर तो हात धरीन, आणि कुणाचा आहे ते सगळ्या मंडळीला मोठ्यानं सांगीन.