ताटली

आमच्या मांजरीचे डोळे ती पिल्लू असतानाच गेले. डोळ्यांत पू झाला आणि तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे पोचेपर्यंत दोन्ही बुबुळं पांढरी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "नजर येणार नाही. पण घरातलं सामान हलवू नका, ती जगेल."

हे शब्द मीही ऐकले, पण पाळले फक्त बायकोनं. समोरच्या खोलीतल्या लोखंडी पलंगाचे चार पाय जिथे होते तिथे फरशीवर तिनं खडूनं खुणा केल्या. झाडताना पलंग सरकला तरी पुन्हा खुणेवर यायचा. एक जुनं फडकं ती मांजरीच्या गालांवरून फिरवायची आणि तेच पलंगाच्या पायांना, दाराच्या चौकटीला, मांजरीच्या उंचीवर पुसायची. स्वतःचा वास आला की मांजरीला कळायचं, ही वाट आपली. उंबऱ्याशी लुगड्याच्या चिंध्यांची एक गोधडी होती. ती बायको कधीच धूत नसे. पायाखाली गोधडी आली, तिचा वास आला की मांजर थांबायची. पुढे ओटा, ओट्याखाली अंगण. पलीकडे ती जात नसे.

आणि ताटली. स्टीलची ताटली पलंगाच्या डोक्याकडे फरशीवर ठेवून बायको चमच्यानं तीनदा वाजवायची. मांजर घरात कुठेही असो, सरळ यायची. मी एकदा स्वयंपाकघरातून ताटली वाजवली, तर बायको चिडली. "तिथूनच कायले वाजवता? जागेवर ठेवा, मंग वाजवा. आवाज येते तिथं जमीन हाये, असं तिले वाटते."

मी हसलो होतो.

त्या वर्षी सोयाबीनला भाव नव्हता, म्हणून पोती घरातच ठेवायचं ठरवलं. बायको रिठदला भावाकडे गेली होती. जाताना तिनं बजावलं, "पोती मागच्या खोलीत लावा. समोरच्या खोलीले हात लावू नका." पण मागच्या खोलीत एका कोपऱ्याला ओल होती आणि हमाल दारात उभे होते. मी पलंग उभा करून भिंतीला लावला. हमालांच्या पायात येते म्हणून गोधडी उचलून दोरीवर टाकली. दुपारपर्यंत खोली छतापर्यंत भरली आणि सगळीकडे सोयाबीनची धूळ बसली. मांजर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून होती.

हमाल ओट्यावर चहा पीत होते. त्यातला एक म्हणाला, "भाऊ, तुमची मांजर तं नव्या नवरीवानी बसून राह्यली. आंधळी हाये म्हणे?"

"आंधळी आहे, पण बोलावलं की येते," मी म्हणालो.

"सोडा ना भाऊ! आमच्या घरची डोळ्याची येत नाई."

मला ते दाखवायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. तिला भूक लागली असेल हा विचारसुद्धा माझ्या मनात नव्हता. मी ताटली घेऊन अंगणात उतरलो, ओट्याच्या कडेपासून दोन-तीन हात दूर उभा राहिलो आणि हातातच ताटली वाजवली. तीनदा.

ती आली. एका पोत्यावर नाक आपटलं, मागे सरली, दोन रांगांमधली फट मिशांनी चाचपली, दारापर्यंत पोचली. उंबऱ्याशी थांबायला काही नव्हतं. मी पुन्हा वाजवली. हमाल म्हणाला, "वा रे वा!" ओट्यावरून ती शेपटी उभी करून चालत आली आणि चालतच हवेत पाय टाकला.

खाली पोती मोजायचा लोखंडी वजनकाटा होता. त्याच्या कोपऱ्यावर ती कमरेवर आपटली. ओरडली नाही. पुढच्या पायांनी स्वतःला ओढत माझ्याकडेच येऊ लागली. ताटली अजून माझ्या हातात होती.

अकोल्याला नेली. कमरेचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं नाही, लहान पिंजऱ्यात निजवून ठेवायला सांगितलं. कित्येक आठवडे बायकोनं तिला बोटानं भरवलं. मला ती एवढंच म्हणाली, "तुमी सांगू नका मले, चुकून झालं म्हणून."

मी तसं म्हणणारच होतो.

हाड वाकडं जुळलं. पोती विकली, फरशी कोरडीच झाडली. खडूच्या खुणा पायांखाली पुसट झाल्या होत्या, पण सापडल्या. पलंग त्यांवर बसवला, गोधडी उंबऱ्याशी टाकली. बायकोनं ताटली जागेवर ठेवून एकदाच वाजवून पाहिली. मांजर लंगडत पलंगाखाली शिरली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. ती ताटली आता माळ्यावर आहे. बायको मांजरीला मातीच्या परळात वाढते, न वाजवता.

वाटा मात्र तिला पुन्हा आल्या. पलंगाच्या पायाला गाल घासत ती खोलीभर फिरते. आंधळ्या जनावराजवळ गुपचूप जायचं नसतं, म्हणून मी दारातूनच बोलतो, "मी आहे."

आवाज ऐकला की ती जिथे असेल तिथे थांबते. एक पाय उचललेला असतो. मी दारातून निघून जाईपर्यंत तो पाय ती खाली टेकवत नाही.