वय काय होतं

वरच्या मजल्यावरच्या लीलाताईंचा मुलगा, प्रकाश, अचानक गेला. समाचाराला येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "वय काय होतं?" चौपन्न ऐकलं की चेहरे सैल व्हायचे. "निदान संसार तरी झाला," "मुलं मार्गी लागली," असं म्हणत माणसं सुनेकडे वळायची. ऐंशी पार केलेल्या लीलाताई कोपऱ्यात बसून होत्या, जणू त्याही समाचारालाच आल्या होत्या.

निघताना मात्र कुणीही "येतो" म्हणालं नाही. अशा घरातून निघताना तो शब्द उच्चारायचा नाही, हे सगळ्यांना पाठ. एक निरुपद्रवी शब्द आपण जपून गिळतो आणि ते "निदान" मात्र खुशाल आईच्या पदरात टाकतो.

मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "प्रकाश जिना चढताना शीळ घालायचा. मला घरात ऐकू यायची."

त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "लहानपणापासून घालायचा. त्याचे बाबा ओरडायचे."

तेवढ्यात दारात आणखी कुणी आलं. चपला काढता काढताच त्यांनी विचारलं, "वय काय होतं हो?"

लीलाताई म्हणाल्या, "माझं पोर होतं."