नागव्वाचा खिळा

बिरप्पासारखा नेकीचा माणूस मी भवानी पेठेत दुसरा पाहिला नाही. त्याची नोकरी मी वाचवली, आणि त्याचंच मला अजून वाईट वाटतं.

१९७४ साली मी एका टॉवेलच्या कारखान्यात केमिस्ट होतो. नवा बी.एस्सी., अंगात माज. बिरप्पा ओले टॉवेल पोटाशी धरून आणायचा आणि पेरॉक्साइडच्या गरम टाकीत सोडायचा. ते पांढरेशुभ्र होऊन निघत. त्या श्रावणात मात्र टॉवेलांना भोकं पडू लागली, बोटाचं टोक टेकवावं एवढी. टाकीजवळ बिरप्पाशिवाय कुणी नसायचं. घडी घालणाऱ्या बायका भुताटकी समजून तिकडे फिरकेनात. मालकाने बजावलं, शनिवारपर्यंत हे थांबलं नाही तर बिरप्पाला घरी बसवीन.

बिरप्पाला त्याचं काहीच नव्हतं. तो भोकांवरून हात फिरवत बसायचा. मी खेकसलो तेव्हा हळूच म्हणाला, "सायेब, आमची नागव्वा हाय ती. बोटं तिचीच हायती."

नागव्वा त्याची बायको, बाळंतपणात गेलेली. अशी बाई परत येऊ नये म्हणून त्याच्या आईने उंबरठ्यात खिळा ठोकला होता. याने तो नुकताच उपटला होता. "येऊ दे म्हनलं तिला घरात." त्याने सदरा वर केला. करदोट्याला तोच खिळा बांधलेला, गंजून लाल.

मी टाकीतलं पेरॉक्साइड दोन ग्लासांत घेतलं. एकात गंजाची खपली टाकली. ते भसाभसा फसफसलं. दुसऱ्यात चार बुडबुडे आले.

"पेरॉक्साइड आपोआपही फुटतं," मी म्हणालो, "पण आधी उंच उंबरठा चढावा लागतो, म्हणून सावकाश. गंज त्याला बुटक्या उंबरठ्याचं दुसरं दार दाखवतो."

फेस बसल्यावर ग्लास ओतून त्याच खपलीवर ताजं पेरॉक्साइड घातलं. पुन्हा फेस. तिसऱ्यांदाही.

"गंज सरत न्हाय व्हय?"

"नाही. त्याचा कण तुझ्या पोटाशी टॉवेलला लागतो. टाकीत गेल्यावर तिथंच पेरॉक्साइड झपाट्याने फुटतं आणि सूत खातं. कण तसाच राहतो, पुढच्या टॉवेललाही चिकटतो."

त्याने ग्लास उचलून तळाची खपली पाहिली.

"मंजी ती आलीच न्हाय?"

"नाही आली," मी म्हणालो. किती खुशीत म्हणालो!

खिळा काढून ठेवला, गंज काढणाऱ्या ऑक्झॅलिक अॅसिडने टाकी धुतली. शनिवारचा माल बिनभोकाचा निघाला. मालक खूश. बिरप्पा एकेक टॉवेल उजेडाकडे धरून बघत होता. शेवटचाही पाहिला. "एक बी न्हाय," म्हणाला, आणि खाली बसून रडला.

आठवड्याने त्याच्या घरी गेलो तर खिळा पुन्हा उंबरठ्यात. या वेळी त्यानेच ठोकलेला.

"आता कशाला रे?" मी विचारलं.

"दार उगडं ठिवून वाट बगवत न्हाय, सायेब."