मुठीतलं सिम

नागझिरा अभयारण्यातली गाईड भूमेश्वरीकाकू माझ्या तिरोड्यातल्या मोबाइलच्या दुकानात नवा फोन घेऊन आली. सिम मात्र मुठीत घट्ट. "बँकेचं अ‍ॅप चालू कर."

अ‍ॅप पुढं सरकेना.

"तू कायतरी गडबड करून राहिला," ती म्हणाली.

मला राग आला. "काकू, हे अ‍ॅप फोनातूनच बँकेले मेसेज पाठवते. तुमच्या खात्याच्या नंबराचं सिम याच फोनात हाय का, ते बँक पाहते. नाहीतर पासवर्ड चोरून कोणीबी आपल्या फोनात तुमचं खातं उघडन."

काकूनं स्वतःच सिम घातलं. मेसेज गेला. माझ्याकडं पाठ करून पिन टाकला. खातं उघडलं, जुन्या फोनातलं अ‍ॅप बंद पडलं.

"आता बसला भरोसा?"

"अ‍ॅपवर बसला. तुह्यावर नाही."